श्रावणी सोमवारचा उपवास आणि व्यायामाची वेळ

श्रोतेहो, नमस्कार. श्रावण लागला की आपल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरचे काही नेहमीचे चेहरे सोमवारी पहाटे दिसेनासे होतात. दुसऱ्या दिवशी विचारले तर उत्तर ठरलेले असते, "काल उपवास होता ना, म्हणून संध्याकाळी फिरून आलो." गेली अनेक वर्षे व्यायामशिक्षक म्हणून हे उत्तर ऐकत आलो आहे, आणि मला त्यातली वेळ नेमकी उलटी वाटते.

रविवारी रात्री नऊ वाजता जेवलेला माणूस सोमवारी सकाळी सहा वाजता नऊ तासांचा उपाशी असतो. पण तसा तर तो मंगळवारी सकाळीही असतो. म्हणजे उपवासाच्या दिवशीची सकाळ शरीराच्या दृष्टीने इतर दिवसांसारखीच असते, आणि फरक पडू लागतो तो दुपारनंतर. रात्रभरात यकृतातील साखरेचा साठा बराच उतरलेला असतो. एरवी तो दुपारच्या जेवणाने भरून येतो. सोमवारी मात्र सायंकाळी पूजा करून उपवास सोडेपर्यंत बेताच्या फराळावर भागवावे लागते. स्नायूंमध्ये स्वतःचा वेगळा साठा असतो, परंतु तो स्नायू स्वतःपुरताच वापरतात, रक्तात परत देत नाहीत. सावकाश चालताना शरीर मुख्यतः चरबीवर चालते आणि चरबी उपवासातही मुबलक असते. धावणे, भरभर पायऱ्या चढणे किंवा जड वजने उचलणे यांना मात्र साखर लागते. म्हणून वेळ आणि जोर या दोन गोष्टी एकत्रच ठरवाव्या लागतात.

सातपूरला नोकरी करणाऱ्या, पन्नाशीतल्या एका गृहस्थांचे उदाहरण सांगतो. ते श्रावणात संध्याकाळी सहाच्या सुमारास पांडवलेणीच्या पायऱ्या चढत होते आणि त्या दिवशी मी त्यांच्यासोबत होतो. चढताना त्यांना काहीच त्रास झाला नाही. वर पोहोचून ते थांबले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि अर्ध्या मिनिटात त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना आडवे करून पाय दगडावर उंच ठेवले, तेव्हा दोन-तीन मिनिटांत ते सावरले. दिवसभरात काय घेतले ते विचारले, तर सकाळी अकराला वाटीभर साबुदाण्याची खिचडी, त्यानंतर चार कप चहा आणि पाणी "असेल दोनेक पेले".

सगळ्यांनी निदान केले की साखर कमी झाली, आणि कुणीतरी पेढाही पुढे केला. माझ्या मते तो पाण्याचा प्रश्न होता. अंगात पाणी कमी असताना पायांचे स्नायू जोरात काम करतात, तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि माणूस एकदम थांबला की पायांतले रक्त वर ढकलणारा स्नायूंचा दाब नाहीसा होतो, त्यामुळे डोक्याकडचा रक्तदाब क्षणभर पडतो. अशी घेरी उभे राहिल्यावर येते आणि आडवे झाल्यावर ओसरते. साखर उतरली तर हात थरथरतात, थंड घाम फुटतो, छातीत धडधडते, आणि आडवे झाल्याने बरे वाटत नाही. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यायल्यावर मात्र दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटते. शंका असेल तर साखर घ्यावीच. साखर आणि गूळ दोन्ही उपवासाला चालतात, तेव्हा इथे धर्मसंकट कसलेच नाही. मात्र व्यायाम करताना छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर घरगुती निदान न करता लगेच रुग्णालय गाठावे.

पुढच्या सोमवारी आम्ही क्रम बदलला. सकाळी उठल्यावर त्यांनी दोन पेले पाणी घेतले, अर्ध्या तासाने वजन केले आणि सव्वासहाला ट्रॅकवर आले. एरवी ते पाच किलोमीटर धावतात; त्या दिवशी चाळीस मिनिटे झपझप चालले आणि बारा सूर्यनमस्कार संथपणे घातले. जोराचे माप मी एकच दिले होते : शेजारच्याला घरचा पूर्ण पत्ता एका दमात सांगता आला पाहिजे, मध्येच धाप लागली तर वेग कमी करायचा. शेवटची पाच मिनिटे ते मुद्दाम रेंगाळत चालले, एकदम थांबले नाहीत. घरी जाऊन अंग पुसून, कोरड्या कपड्यांत पुन्हा वजन केले तेव्हा 600 ग्रॅम घटले होते. मधल्या तासाभरात गेलेले हे वजन जवळजवळ सगळे पाण्याचे असते.

श्रावणातल्या नाशिकच्या हवेत हे सहज लक्षात येत नाही, कारण हवा गार लागते आणि तहान फारशी जाणवत नाही, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि सदरा ओला राहतो. घटलेल्या वजनाच्या साधारण दीडपट द्रव पुढच्या दोन-तीन तासांत घ्यावा, म्हणजे त्यांच्या बाबतीत 900 मिलिलिटर. तो एका दमात न पिता, एक पेला शेंदेलोण घातलेले ताक, एक पेला लिंबूपाणी आणि उरलेले साधे पाणी असा घ्यावा. शेंदेलोण हे मुख्यतः नेहमीच्या मिठासारखेच असते, त्यामुळे घामातून गेलेले मीठ त्यातून भरून निघते. नुसते पाणीच भराभर पिणे बरे नव्हे. त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण पातळ होते. दुपारपर्यंत लघवी फिकट पिवळी असली की पाणी पुरले असे समजावे. खिचडीबद्दल एवढेच, की तूप आणि दाण्याच्या कुटामुळे ती पोटात रेंगाळते, म्हणून तिच्यानंतर अडीच-तीन तास व्यायाम नको. संध्याकाळी त्यांनी घराभोवती फेरी मारली, पायऱ्या चढल्या नाहीत.

एकादशी याहून वेगळी आहे, कारण तिचे पारणे दुसऱ्या दिवशी द्वादशीला असते. ज्यांचा उपवास खरोखर कडक असतो, त्यांच्यासाठी एकादशीची सकाळ सोपी आणि द्वादशीची सकाळ सर्वांत अवघड. तेव्हा द्वादशीला पारणे होऊन दोन तास उलटेपर्यंत चालण्यापलीकडे काही करू नये. हरितालिकेसारख्या निर्जळी उपवासाच्या दिवशी तर घाम येईल असा कोणताच व्यायाम करू नये.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी उपवासाच्या आधीच डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची मात्रा ठरवून घ्यावी, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. मधुमेहींनी व्यायामापूर्वी साखर मोजावी आणि ती 70 च्या खाली असेल तर व्यायाम सोडून आधी साखर घ्यावी.

तिसऱ्या सोमवारी ते गृहस्थ त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला निघाले. ती सुमारे 20 किलोमीटरची वाट आहे आणि पुष्कळ लोक रविवारी रात्रीच चालू लागतात. मी त्यांना रविवारी संध्याकाळी व्यवस्थित जेवायला सांगितले, पाठीवर दीड लिटर पाणी, शेंदेलोणाची पुडी आणि राजगिऱ्याचे चार लाडू दिले, आणि दर तासाला अर्धा लाडू व दोन-तीन घोट पाणी, तहान असो वा नसो, असे ठरवून दिले. पहाटे चारला ते परतले तेव्हा पिशवीत एक लाडू उरला होता आणि दोन्ही पायांना फोड आले होते, पण घेरी आली नव्हती. फोड मात्र नव्या चपलांचे होते, त्यांचा उपवासाशी संबंध नाही.