डोकं त्रेपन्न सेंटीमीटर, मग टोपी का सुटते?

नमस्कार मंडळी. सुट्टी लागली की आपल्या कोल्हापुरात निम्मी पोरं टँकवर असतात, म्हणून आज पोहायच्या टोपीबद्दल आणि गॉगलबद्दल बोलूया.

माझी भाची आठवीत आहे, केस कमरेपर्यंत. टँकवर टोपी सक्तीची, म्हणून दुकानातून नेहमीची सिलिकॉनची आणली. दुसऱ्या फेरीतच ती कपाळावरून वर सरकायला लागली, चौथ्या फेरीला सुटून पाण्यावर तरंगायला लागली आणि तिच्याबरोबर गॉगलचा पट्टा वर गेला, डोळ्यात पाणी. पोरगी रडकुंडीला आली, "मावशी, मी केस कापू का गं?" दुकानदार म्हणाला छोटी न्या, गच्च बसेल. छोटी आणली तर कपाळावर लाल वळ, डोकं ठणकायला लागलं आणि सुटली ती सुटलीच.

मग मी शिवणाची टेप काढली. भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागं डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून फिरवली, भरलं त्रेपन्न सेंटीमीटर. म्हणजे साइज बरोबरच होता! मग कपाळापासून मानेपर्यंत डोक्यावरून टेप धरली, आधी केस सोडून, मग अंबाडा घालून. अंबाड्यानं आठ सेंटीमीटर वाढले. घेर तोच, पण आत माल जास्त, मग टोपी वर ढकलली जाणारच. परत सांगते, घेर तोच, आत माल जास्त. अशा केसांना मागं फुगवटा दिलेली लांब केसांची टोपी मिळते, तीच घ्यायची, छोटी नाही. आणि अंबाडा डोक्यावर उंच नको, वेणी घालून मानेच्या वर चपटी गुंडाळायची.



लायक्रा म्हणाल तर मऊ, केस ओढत नाही, पण पाणी आरपार जातं आणि क्लोरीननं काही महिन्यांत सैल पडते. सिलिकॉन घट्ट धरते, तरी केस कोरडे राहतील असं समजू नका. तेल लावून मात्र जाऊ नका, तेलकट केसांवर सिलिकॉन घसरते. भाचीची रविवारची चंपी आता पोहून आल्यावर असते.

गॉगलला डोक्याचा घेर फक्त पट्ट्यापुरता. खरं बघायचं डोळ्याची खोबण आणि नाकाचा पूल. पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबा आणि हात सोडा, दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर तो तुमचा. लगेच पडला तर पट्टा कितीही आवळा, पाणी शिरणारच. पट्टा टोपीवरून घ्या, अंबाड्याच्या वर, जिथं मागं डोकं सपाट लागतं तिथं. भाचीचा पट्टा आधी अंबाड्यावरच बसत होता, फेरीला दोनदा तरी थांबून खाली ओढायची. परवा वीस फेऱ्या मारल्या, एकदाही हात डोक्याकडं गेला नाही.