मोठेबाबांचा खलबत्ता

मागचे जरा पुढे या, माइकचा आवाज तिकडे जाऊन नाही राहिला. फलकावर 'गोळी तोडणे, चुकवणे, कंपनी बदलणे' असं लिहिलंय, पण आधी आमच्या मोठेबाबांचं सांगतो. माझं गावात मेडिकल आहे, तरी घरचाच माणूस ऐकत नव्हता.

त्यांना बीपीसाठी निफेडिपिन 30 मिलिग्रॅम रिटार्ड, रोज सकाळी एक. आणि ते काय करत, तर मोठीआईच्या खलबत्त्यात कुटून, गुळाच्या खड्यासोबत घेत! मी ओरडलो तर म्हणे, "येवढी गोई गयातून उतरते का बे? पोटात जाऊन फुटनारच हाय नं!" तासाभरात तोंड लालबुंद, छातीत धडधड, उठले की गरगर. दहाला बीपी मोजलं तर 95/60, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीच्या आधी 170/100. मोठीआई म्हणे, डोस कमी पडला, दोन कुटून देऊ का? (हसू नका, तुमच्या घरीही खलबत्ता आहे.)

आता बघा, रिटार्ड गोळीत औषध अशा पदार्थात बांधलेलं असतं की ते दिवसभर थोडं थोडं सुटतं, ठिबकसारखं. कुटलं म्हणजे नळी फोडली, सगळं पाणी एकाच झाडाला. त्यातून निफेडिपिन शरीरातून लवकर निघून जातं, दोन-तीन तासांत निम्मं, म्हणून सकाळी जास्त आणि रात्री काहीच नाही. डोस कमी नव्हता, वेळ बिघडला होता. डॉक्टरांनी गिळायला सोपं असं दुसरं औषध दिलं, खलबत्ता पुन्हा लसणाला.

हं, अध्यक्ष घड्याळ दाखवून राहिले, आटपतो. मधे रेघ आहे म्हणून तोडू का? मेटोप्रोलॉल हेही बीपीचंच औषध, त्याच्या एक्सएल म्हणजे हळूहळू सुटणाऱ्या काही गोळ्या रेघेवर अर्ध्या करता येतात, कारण आत बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्याला स्वतःचं आवरण; पण चावायची, कुटायची तीही नाही, आणि सगळ्याच कंपन्यांची तशी नसते, म्हणून विचारून. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन सोबत घेऊ नका, मेटोप्रोलॉल तर एकदम बंदही करू नका. कंपनी बदलली तर नाव आणि आकडा जुळून भागत नाही, साधी मेटोप्रोलॉल 50 आणि एक्सएल 50 वेगळ्या, साधी बहुतेक दिवसातून दोनदा लागते. निफेडिपिन रिटार्डचं तर कंपनी बदलली की आठवडाभर बीपी मोजा, सगळ्यांची सुटायची चाल सारखी नसते.

आणि एक चूक आम्हा मेडिकलवाल्यांची, तुम्ही चार गोळ्या मागता, आम्ही कैचीनं पट्टी कापतो अन् एक्सएल, एसआर, रिटार्ड ही अक्षरं दुसऱ्या तुकड्यावर राहून जातात. नाव दिसेल असा तुकडा मागा, आणि रिकामी पट्टी फेकू नका, पुढच्या वेळी तीच काउंटरवर ठेवा.