शंभरापासून निघालेल्या दोन रेघा

[दृश्य: चिकोडीजवळ उसाच्या ट्रॉल्यांची रांग]

निवेदन:
चिकोडी, अथणी, निपाणी भागात गाळप सुरू झालं की चर्चा दराचीच असते. उसाचा दर वाढला, पण त्या मानाने साखरेचा किती वाढला?

मापं जुळत नाहीत, ही खरी अडचण आहे. 2019-20 च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान दर, टनाला 2,750 रुपये होती. साखरेचा केंद्राने ठरवलेला किमान विक्री दर किलोला 31 रुपये. दोन्ही एकाच आलेखात काढले, तर साखरेची रेघ तळाला चिकटून बसते.

म्हणून 2019-20 मधले दोन्ही आकडे 100 धरायचे. पुढच्या प्रत्येक हंगामाचा दर पहिल्या दराने भागायचा आणि शंभराने गुणायचा. 2024-25 ची एफआरपी 3,400 रुपये, म्हणजे 123.6. साखरेचा किमान दर 31 वरच राहिला, म्हणजे 100.

[दृश्य: संगणकाचा पडदा, B रकान्यात एफआरपी, दुसऱ्या ओळीत 2019-20]

```
=B3/B$2*100
```

यातलं डॉलरचं चिन्ह विसरू नका. ते नसेल, तर सूत्र खाली ओढताना प्रत्येक हंगाम आदल्या हंगामाने भागला जातो. मग 103.6, 101.8, 105.2 असे आकडे येतात आणि रेघ शंभराच्या आसपासच घुटमळते. दर चढत असून रेघ चढत नसेल, तर आधी हे चिन्ह तपासा.

2018-19 पासून का नाही सुरुवात केली? एफआरपी तेव्हाही 2,750 च होती. पण साखरेचा किमान दर त्याच हंगामात, फेब्रुवारी 2019 मध्ये, 29 वरून 31 झाला. 29 पाया धरला की साखर 106.9 वर दिसते, 31 धरला की 100 वर. दर तेच, चित्र वेगळं. हंगामभर दोन्ही दर स्थिर राहिले, म्हणून आम्ही 2019-20 निवडलं.

[दृश्य: उसाचं कांडं, हातात धरलेलं]

आता सगळ्यात सहज निसटणारी गोष्ट: उतारा, म्हणजे उसाच्या वजनातून किती टक्के साखर निघते ते. 2019-20 ची एफआरपी 10 टक्के उताऱ्यासाठी होती. 2022-23 पासून ती 10.25 टक्क्यांवर बांधली गेली. म्हणजे 2,750 आणि 3,400 हे एकाच प्रतीच्या उसाचे दर नाहीत.

तेव्हा 10 टक्क्यांच्या वर दर 0.1 टक्क्याला टनामागे 27.50 रुपये जादा मिळायचे. पाव टक्क्याचे झाले 68.75. म्हणजे 10.25 उताऱ्याच्या उसाला 2019-20 मध्येच 2,818.75 रुपये बसत होते. खरा पाया हा.

3,400 ला 2,818.75 ने भागा. 120.6 येतात.

[दृश्य: आलेखात उसाची रेघ 123.6 वरून 120.6 वर उतरते, साखरेची 100 वर आडवी]