वाफारा: पातेलं कुठे ठेवायचं आणि तेल किती घालायचं

[दृश्य: सदाशिव पेठेतलं स्वयंपाकघर, गॅसवर पातेलं]

पुण्यात थंडी पडली की घरोघरी वाफारा सुरू होतो. पाणी उकळतं, पातेलं जमिनीवर येतं, मांडी घालून बसायचं आणि डोक्यावरून चादर.

[दृश्य: जमिनीवरचं पातेलं, चादरीचं टोक]

धोका इथेच आहे. चादरीत काही दिसत नाही. खोकल्याची उबळ येते, गुडघा लागतो, नाहीतर रांगतं मूल चादर ओढतं. पातेलं कलंडलं की पाणी थेट मांडीत साचतं आणि भिजलेला कपडा ते कातडीला धरून ठेवतो. साठ अंशांचं पाणीही काही सेकंदांत खोलवर भाजतं. हे तर नुकतं उकळलेलं असतं.

[दृश्य: टेबल, बसक्या बुडाचं भांडं]

म्हणून भांडं बसक्या बुडाचं, जड घ्या आणि अर्धंच भरा. गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. भांडं भिंतीला टेकलेल्या टेबलावर ठेवा, खाली ओलं फडकं घाला म्हणजे ते सरकणार नाही. आपण खुर्चीवर बसायचं. चादर नको, खांद्यावर टॉवेल पुरे. चेहरा हातभर लांब, डोळे मिटलेले. पाच ते दहा मिनिटांत उठा. लहान मुलांना वाफारा देऊच नका. त्यांच्यासाठी मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात.

[दृश्य: बाटलीतून पडणारा थेंब, जवळून]

निलगिरीचं तेल पाण्यात विरघळत नाही. थेंब वर तरंगतो आणि गरम पाण्यावर झपाट्याने उडतो. दोन थेंब भरपूर झाले. टोपणभर ओतलं तर डोळ्यांची आग होते, दमेकऱ्याला धाप लागू शकते. बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका. चमचाभर तेल पोटात गेलं तरी मुलाला झटके येऊ शकतात.

[दृश्य: पुदिन्याच्या अर्काची कुपी]

पेपरमिंटमधलं मेंथॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण नाकातून जाणारी हवा मोजली तर फरक पडलेला नसतो. हा आराम खोटा नव्हे, झोपताना त्याची किंमत कळते. मात्र नाकाची सूज तशीच असते. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मेंथॉल किंवा कापूर नेऊ नका, श्वास अडकू शकतो.

[दृश्य: दुकानातले डिफ्यूझर, रोल-ऑन]

या बाटल्यांवर ‘विषाणूनाशक’, ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असं लिहिलेलं दिसतं. काचेच्या बशीत तेल जंतू मारतं, हे खरं. त्याचा वास घेऊन सर्दी लवकर बरी होते, याला पुरावा नाही. नुसत्या वाफेच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही ठोस फायदा दिसला नाही. विषाणू मरेल इतकी गरम वाफ आधी नाकाचं अस्तर भाजेल.

[दृश्य: नळाखाली धरलेला हात]

भाजलंच तर कपडा लगेच काढा; चिकटला असेल तर ओढू नका. वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट नको. मग दवाखाना.