एका पानाचा ब्रीफ: इंदूरच्या लौंग सेवेवरून
(इंदूरमधील मराठी व्यावसायिक आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, जाहिरात एजन्सीकडे काम द्यायचं म्हणजे आधी त्यांना क्रिएटिव्ह ब्रीफ लिहून द्यायचा. उद्दिष्ट, ग्राहक, एकच मुख्य वचन आणि सूर, एवढं त्यात असतं आणि ते एका पानात मावतं. आज मी एकच उदाहरण घेऊन ते पान तुमच्यासमोर भरणार आहे.

राजवाड्याच्या बाजूला एक जुनं नमकीनचं दुकान आहे असं समजा. लौंग सेव ही त्यांची खासियत. काउंटरवर ती सुटी, किलोवर विकली जाते. आता मालकांनी दोनशे ग्रॅमचं नायट्रोजन भरलेलं बंद पाकीट काढलंय आणि त्याची जाहिरात करायची आहे. त्यांनी लिहून आणलेला कागद बहुतेक असा असतो: उद्दिष्ट विक्री वाढवणे, ग्राहक सर्व वयोगट, सांगायचं काय तर तीन पिढ्यांची परंपरा, शुद्ध शेंगदाणा तेल, लवंगेचा खरा स्वाद, स्वच्छ पॅकिंग आणि वाजवी भाव, सूर आधुनिक पण पारंपरिक. यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण कॉपीरायटरला यातून काहीही सुचू शकतं, म्हणून नेमकं काहीच सुचत नाही.

उद्दिष्टापासून सुरुवात करू. विक्री वाढावी ही मालकांची इच्छा झाली. जाहिरातीचं उद्दिष्ट लिहायचं तर ही वाढ कोणाकडून येणार, आज तो माणूस काय करतो आणि उद्या त्यानं काय करावं, हे सांगावं लागतं. आपल्या गल्लीतलं गिऱ्हाईक आठवड्याला सुटी सेव नेतं, ती ताजी असते, स्वस्तही पडते. त्याला पाकिटाकडे वळवण्यात दुकानाचा काहीच फायदा नाही. मग पाकीट कोणासाठी? यासाठी दोन संध्याकाळी काउंटरजवळ उभं राहून गिऱ्हाइकांशी बोलावं. एक वाक्य हमखास कानावर येईल: ‘जरा नीट बांधा हो, पुण्याला पाठवायचीय.’ इंदूरच्या कितीतरी घरांतली मुलं पुण्या-बंगळुरूला शिकतात, नोकरी करतात, आणि सुट्टी संपवून निघताना त्यांच्या बॅगेत सेव असतेच. आज ती पॉलिथिनच्या पिशवीत, वर रबर लावून जाते.

म्हणून उद्दिष्ट असं लिहू: ‘बाहेरगावी राहणाऱ्या मुलासाठी सुटी सेव बांधून नेणाऱ्या घरांनी, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि जून-जुलैत कॉलेजं उघडताना, त्याऐवजी बंद पाकिटं मागावीत.’ हे मोजताही येतं. त्या आठवड्यांत बिलावर पाकिटं किती आणि ‘बाहेरगावी न्यायचीय’ म्हणून बांधलेली सुटी सेव किती, याची नोंद काउंटरवरच्या मुलानं ठेवली की झालं.

आता ग्राहक. सेव खाणार मुलगा, पण विकत घेणारी त्याची आई, किंवा बसची वेळ गाठायला निघालेले वडील. जाहिरात त्यांच्याशी बोलणार, म्हणजे ती इंदुरात लागणार, पुण्यात नाही. वय आणि उत्पन्न लिहून हा माणूस दिसत नाही. त्याच्या मनातली काळजी लिहावी: ‘एवढी दिली, पण आठ दिवसांत सादळते आणि मग तो खातच नाही.’ हे वाक्य गिऱ्हाइकाच्या तोंडचंच असावं, टेबलाशी बसून रचलेलं नको. 1968 च्या सुमारास लंडनमध्ये स्टीफन किंग आणि स्टॅनली पोलिट यांनी दोन वेगवेगळ्या एजन्सींमध्ये अकाउंट प्लॅनिंगची पद्धत सुरू केली, तिचा गाभा हाच होता: जाहिरात घडत असताना ग्राहकाची बाजू मांडणारा माणूस खोलीत असला पाहिजे. आपल्याकडे वेगळा प्लॅनर नसतो, तेव्हा ते काम ब्रीफ लिहिणाऱ्यानंच करायचं.

मुख्य वचन म्हणजे या पानावरची सगळ्यात अवघड ओळ, आणि मी सर्वांत जास्त वेळ तिलाच देतो. मालकांच्या यादीतला एकेक मुद्दा उचलून त्या आईसमोर ठेवा. परंपरा? तिला ठाऊक आहे, म्हणून तर ती या दुकानात आली. शेंगदाणा तेल? शेजारचा दुकानदारही तेच म्हणतो. लवंगेचा स्वाद सुट्या सेवेलाही आहे. तिच्या काळजीला उत्तर देणारी गोष्ट एकच उरते, आणि मालकांनी ती ‘स्वच्छ पॅकिंग’ या दोन शब्दांत पुरून टाकली होती.

सेव बिघडते ती दोन कारणांनी. हवेतल्या दमटपणानं ती सादळते, आणि प्राणवायू लागून तिच्यातलं तेल खवट होतं. पाकिटातली हवा काढून नायट्रोजन भरला की तेल टिकतं. पाकिटाचा थर चांगला असला की दमटपणा आत शिरत नाही. म्हणजे वचन झालं: ‘महिन्यानंतर उघडा, सेव आजच्यासारखीच कुरकुरीत.’

त्यात ‘आणि’ नाही, हे बघा. ‘कुरकुरीत आणि शुद्ध’ असं लिहिलं की कॉपीरायटर अर्धी जागा शुद्धतेला देतो आणि आईच्या लक्षात दोन्ही राहत नाही. दुसरं, या ओळीखाली पुरावा लिहावाच लागतो. एका महिन्याचा दावा करायचा तर पाकिटं महिनाभर साध्या खोलीत ठेवून, उघडून, खाऊन बघा आणि प्रयोगशाळेचा अहवालही घ्या. जाहिरातीतला दावा सिद्ध करता आला पाहिजे, असं आपल्या देशातली जाहिरात मानक परिषद, म्हणजे एएससीआय, सांगते. तिसरं, वचनाची मर्यादा ओळखा. पाकीट फोडलं की नायट्रोजन गेला, मग ती सेवही सादळणारच. इथे दोनशे ग्रॅमचं माप कामाला येतं: होस्टेलच्या खोलीत फोडलेलं पाकीट त्याच संध्याकाळी संपतं. म्हणून पुराव्यात दोन गोष्टी लिहायच्या, नायट्रोजन आणि लहान पाकीट. परंपरा बाहेर राहिली म्हणून मालकांना वाईट वाटेल. त्यांना सांगा की दुकानाचं नाव पाकिटावर आहेच.

ही ओळ जशीच्या तशी जाहिरातीत छापायची नसते. तिला नटवू नका, साधीच ठेवा; नटवायचं काम कॉपीरायटरचं.

सुराबद्दल थोडक्यात सांगतो. ‘आपुलकीचा’ एवढ्यानं भागत नाही. कोण बोलतंय ते लिहा: चार मुलांच्या बॅगा भरून दिलेली, शेजारची अनुभवी काकू. ती मोजकं बोलते, कामाचं सांगते. काय नको तेही लिहा: निरोपाचे अश्रू नकोत, व्हायोलिन नको.

हे पान मालकांनी काम सुरू होण्याआधी वाचून सही करावं, कारण त्याची खरी गरज नंतर पडते. समजा एजन्सीनं दोन कल्पना आणल्या. एकीत होस्टेलची मुलं पाकिटावर तुटून पडतात. मजेदार आहे, मालक खूश. दुसरीत सेमिस्टरच्या परीक्षेच्या रात्री मुलगा कपाटातून दिवाळीत आणलेलं शेवटचं पाकीट काढतो, आणि फोनवर आईला फक्त कुरकुर आवाज ऐकू येतो. पहिली मुलांशी बोलते आणि चवीबद्दल बोलते. ती सुट्या सेवेलाही चालली असती. दुसरी आईशी बोलते आणि टिकण्याबद्दल बोलते. मालकांनी पहिलीचा आग्रह धरला तर वाद घालत बसू नका. सही केलेलं पान पुढे ठेवा आणि विचारा, यातलं वचन हिच्यात कुठे दिसतं? आणि एजन्सीकडून आलेल्या तिन्ही-चारही कल्पना वेगवेगळ्याच गोष्टी सांगत असतील तर एजन्सीला दोष देऊ नका. वचनाच्या ओळीत कुठेतरी ‘आणि’ शिल्लक राहिलाय, तो आधी शोधा.