सिबिल ८०० असूनही अमेरिकेत क्रेडिट कार्ड का मिळत नाही?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली प्रश्न बरेच होते, पण फिरून फिरून सगळे एकाच जागी येत होते. ‘ताई, माझा सिबिल ८१२ आहे, तरी बँकेने कार्ड नाकारलं.’ ‘ताई, पुण्यात होम लोनचा एकही हप्ता चुकवला नाही, त्याला इथे काहीच किंमत नाही का?’ एका दादांनी तर सिबिलचा स्क्रीनशॉट प्रिंट काढून बँकेत नेला. काउंटरवरच्या बाईंनी तो बघितला, ‘नाइस’ म्हणाल्या आणि परत दिला.

तर आधी हे का होतं ते बघू. सगळ्यांचा गोंधळ एका नावावरून सुरू होतो. सिबिलचं पूर्ण नाव ट्रान्सयुनियन सिबिल. इथे लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन क्रेडिट ब्युरोंची नावं एक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन. मग लोक म्हणतात, कंपनी एकच आहे ना, बटण दाबलं की तिकडची फाइल इकडे दिसायला हवी. तसं होत नाही. मालक एक असला तरी दुकानं वेगळी आहेत. भारतातली माहिती तिथल्या २००५च्या कायद्याखाली गोळा होते. ती कोणी बघायची, कशासाठी बघायची, हे तो कायदा ठरवतो. इथे १९७०चा वेगळा कायदा आहे. तिकडे तुमची फाइल मुख्यतः पॅनवर बांधलेली असते, इकडे सोशल सिक्युरिटी नंबरवर. न्यू जर्सीतली बँक तुमचा सोशल टाकून विचारते तेव्हा त्या नंबराखाली काहीच नसतं. तुम्ही वाईट ग्राहक आहात असं कोणी म्हणत नाही, तुम्ही त्यांच्या नोंदीतच नाही.

आणि फाइल पोचली असती तरी आकडा तसाच चालला नसता. सिबिल ३०० ते ९०० मध्ये मोजतात, इथला फिको नावाचा स्कोअर ३०० ते ८५० मध्ये. फिकोचं गणित इथल्या कर्जदारांच्या वागण्यावरून बसवलेलं आहे. त्यात तुमचं पुण्यातलं होम लोन बसवायला जागाच नाही. अपवाद आहेत. भारतात अमेरिकन एक्स्प्रेसचं कार्ड असेल तर त्यांच्या ग्लोबल ट्रान्सफरची चौकशी करा, ते स्वतःकडचा तुमचा इतिहास बघतात. पण तेव्हाही तुमचा भारतातला स्कोअर इथल्या ब्युरोत येत नाही, फक्त पहिलं दार उघडतं. फाइल शून्यापासूनच सुरू होते.

‘शून्यापासून’ म्हणजे स्कोअर शून्य नव्हे, बरं का. स्कोअरच नसतो. फिको निघायला किमान एक खातं सहा महिने जुनं लागतं, आणि मागच्या सहा महिन्यांत कुठल्या तरी खात्याची ब्युरोकडे नोंद झालेली लागते. मार्चमध्ये कार्ड उघडलंत तर फिको साधारण सप्टेंबरात दिसेल. फुकटच्या ॲपवर त्याआधीच आकडा दिसला तर तो बहुतेक व्हँटेजस्कोअर नावाचा दुसरा स्कोअर असतो. तो लवकर निघतो, पण कार लोनवाला तोच बघेल याची खात्री नाही. ॲपमध्ये ६९० आणि डीलरकडे वेगळाच आकडा, यात कोणी तुम्हाला फसवलेलं नाही.

सुरुवातीची कामं भराभर सांगते, ती तुम्हाला बहुतेक माहीत आहेत. उतरल्यावर साधारण दहा दिवस थांबून सोशल सिक्युरिटी ऑफिसात अर्ज करा, म्हणजे तुमची एंट्री त्यांच्या सिस्टिममध्ये दिसते. अर्ज फुकट आहे, एजंट लागत नाही. बँकेत खातं उघडा. मग त्याच बँकेत सिक्युअर्ड कार्ड मागा. तुम्ही दोनशे-तीनशे डॉलर ठेव ठेवता, तेवढीच लिमिट मिळते. अर्ज करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: तुम्ही तिन्ही ब्युरोंना कळवता का? नाही म्हणाले तर ते कार्ड घेऊ नका. डेबिट कार्ड कितीही वापरलंत तरी नोंद होत नाही. बँकेत दहा हजार डॉलर पडून असले तरी नाही. घरभाडंही सहसा नाही, घरमालकाने मुद्दाम कळवलं तरच.

नावाचं मात्र नीट ऐका, कारण हे खास आपल्या लोकांचं होतं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये आपल्याकडे बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. सोशलवर दोन्ही आली, बँकेने वडिलांचं नाव मधल्या रकान्यात टाकलं, दुसऱ्या कार्डवाल्याने ते गाळलंच. मग कधीकधी एकाच माणसाच्या दोन अर्ध्या फाइली तयार होतात आणि कुठलीच धड भरत नाही. सोशल कार्डवर जसं छापलंय तसंच, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे लिहा. annualcreditreport.com वर तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट दर आठवड्याला फुकट मिळतात, तिथे नाव आणि जुने पत्ते तपासा. रिपोर्ट काढण्यासाठी कोणी कार्ड नंबर मागत असेल तर तुम्ही चुकीच्या साइटवर आहात.

आता ज्याच्यासाठी हा व्हिडिओ केला ते. स्टेटमेंट डेट आणि ड्यू डेट. हे मी आधीही सांगितलंय आणि तरी कमेंटमध्ये रोज येतं, ‘ताई, मी पूर्ण बिल वेळेवर भरतो, तरी स्कोअर का पडला?’

एडिसनमधल्या आमच्या ओळखीच्या एका मुलाचं उदाहरण घ्या. लिमिट ३०० डॉलर. स्टेटमेंट निघतं १२ तारखेला, ड्यू डेट पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला. तो महिनाभर पटेलमधून किराणा, फोनचं बिल, गाडीत पेट्रोल, सगळं त्याच कार्डावर करतो. १२ तारखेला बाकी झाली २६४. तो ५ तारखेला, म्हणजे दोन दिवस आधी, पूर्ण २६४ भरतो. एक डॉलर व्याज नाही, एक दिवस उशीर नाही. पण बँकेने ब्युरोला बाकी कळवली ती स्टेटमेंटच्या दिवसाची. रिपोर्टवर छापलं गेलं, ३०० पैकी २६४ वापरलेले, म्हणजे ८८ टक्के. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस गळ्यापर्यंत उधारीत आहे. फिकोत वापरलेल्या उधारीचा भाग साधारण ३० टक्के असतो, आणि फाइलमध्ये दुसरं काहीच नसताना तो फार बोचतो.

उपाय एवढाच. ९ तारखेच्या सुमारास ॲप उघडून २५० भरा. पैसे जमा व्हायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून ११ च्या रात्री भरू नका. १२ तारखेला स्टेटमेंट निघेल १४ डॉलरचं. रिपोर्टवर पाच टक्केही नाही. मग ते १४ डॉलर ड्यू डेटपर्यंत ऑटोपेने जातील. खर्च तोच, पैसे तेच, फक्त भरायचा दिवस बदलला.

इथे एक बारकी गोष्ट सांगते, नाहीतर पुन्हा कमेंट येतील. हे दर महिन्याला करायलाच पाहिजे असं नाही. बहुतेक ठिकाणी वापरला जाणारा फिको या वापराची जुनी आठवण ठेवत नाही, ताजा रिपोर्ट बघतो. गेल्या महिन्यात ८८ टक्के होतं आणि या महिन्यात पाच, तर पाचच मोजलं जातं. म्हणजे भाड्याचं घर किंवा कार लोन बघायच्या आधीच्या स्टेटमेंटला तरी सांभाळा. त्या मुलाने तेच केलं आणि पुढच्या रिपोर्टपासून आकडा सावरला.

आणि आता त्या सल्ल्याबद्दल, जो ऑफिसच्या कँटीनमध्ये प्रत्येकाला कोणीतरी देतंच: ‘थोडी बाकी पुढच्या महिन्यात ओढून ठेव, व्याज भरलंस की स्कोअर वाढतो.’ नाही वाढत! तुम्ही किती व्याज भरलंत हे रिपोर्टवर येतच नाही. स्टेटमेंटवर थोडी बाकी *दिसू* देणं वेगळं, आणि ती ड्यू डेटनंतर *राहू* देणं वेगळं. पहिलं फुकट आहे. दुसऱ्याला नवख्या लोकांच्या कार्डावर वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या वर व्याज लागू शकतं. हा सल्ला देणारे बहुतेक मनाचे चांगले असतात, म्हणून जास्त राग येतो. कोणी रागवायचं नाही, पण हे थांबवा.

ऑटोपे लावताना तीन पर्याय दिसतात: मिनिमम पेमेंट, स्टेटमेंट बॅलन्स, आणि दुसरी रक्कम. काही ॲपमध्ये मिनिममवरच आधी टिक असते. ती काढून ‘स्टेटमेंट बॅलन्स’ निवडा. मिनिममवर ठेवलंत तर नोंद ‘वेळेवर’ अशीच होते, म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही, आणि व्याज मात्र चढत राहतं. उशिराची नोंद ब्युरोत जाते ती ड्यू डेटनंतर ३० दिवस उलटल्यावर. दोन दिवस उशीर झाला तर लेट फी लागेल, रिपोर्ट बिघडणार नाही. पण तीस दिवसांची खोट एकदा लागली की सात वर्षं दिसते. सुट्टीत गावी जाता, इकडचा फोन बंद, ओटीपी येत नाही, तेव्हाच हे घडतं.

एच-४ व्हिसावर नवऱ्याबरोबर आलेल्या ताईंचे प्रश्न खूप आहेत. काम करायची परवानगी नसेल तर सोशल नंबर मिळत नाही. मग नवऱ्याच्या कार्डावर ऑथराइज्ड युजर म्हणून नाव घाला. पण आधी बँकेला विचारा, सोशलशिवाय ते तुमच्या नावाने कळवतात का. काही बँका आयटिनवर, म्हणजे सोशल न मिळणाऱ्यांच्या टॅक्स नंबरवर, स्वतंत्र कार्डही देतात. आयटिन टॅक्स रिटर्नबरोबर मागायचा असतो, त्यामुळे त्याला सीझनची वाट बघावी लागते. ऑथराइज्ड युजर झालात तर त्यांचं कार्ड ९० टक्के भरलेलं असताना ते तुमच्याही रिपोर्टवर दिसतं, एवढं लक्षात असू द्या.

राहता राहिली ठेव. साधारण वर्षभर नीट वापरलंत की कार्डाच्या कंपनीला फोन करा आणि विचारा, हेच खातं अनसिक्युअर्ड करता येईल का. ‘बंद करा’ म्हणू नका, ‘हेच खातं ठेवून’ असं म्हणा. नवीन खातं उघडलं तर त्याचं वय पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतात. हो म्हणाले तर ठेव परत येते, कधी खात्यात, कधी चेकने. आपण लोक पहिल्या वर्षात दोनदा तरी घर बदलतो, तेव्हा फोनवरच पत्ता नवा करून घ्या.