गळ्यातलं हाड

मंडळी, अंबाजोगाईत भाषेवर बोलायचं तर सुरुवात मुकुंदराजांपासून करावी लागते. 'विवेकसिंधु' परंपरेनं शके १११० चा मानतात, म्हणजे आठशे वर्षांहून जुना. जगातलं सर्वांत जुनं लिखाण धरलं तरी आपण पाच-सव्वापाच हजार वर्षांपलीकडे जात नाही. माणूस बोलू लागला तो त्याच्या कितीतरी आधी, आणि बोललेला शब्द काही मातीत सापडत नाही.

म्हणून भाषा कशी सुरू झाली याच्या अंदाजांना ऊत आला. कुणी म्हणालं, शब्द प्राण्यांच्या नकलेतून आले. कावळ्याची 'काव काव' मान्य, पण 'उद्या' ही कुणाची नक्कल? १८६६ साली पॅरिसच्या भाषाशास्त्र संस्थेनं नियमच करून टाकला, की या विषयावरचे निबंध स्वीकारायचे नाहीत. त्यांचा वैताग मला कळतो.

पुढे एक अंदाज तपासता येईल असा वाटला. गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळा. वर सरकतं ते स्वरयंत्र. माणसात ते बरंच खाली असतं, त्यामुळे जिभेला मागे जागा मिळते आणि आ, ई, ऊ वेगवेगळे उमटतात. १९७१ साली फिलिप लीबरमन आणि एडमंड क्रेलिन यांनी फ्रान्समध्ये सापडलेल्या निअँडरथलच्या, म्हणजे आपल्या नामशेष झालेल्या भाऊबंदाच्या, कवटीवरून त्याचा घसा उभा केला आणि सांगितलं, की याला हे स्वर नीट जमले नसते.

पण कवटीवरून घसा उभा करायचा म्हणजे चूल बघून भाजीची चव सांगण्यासारखं. १९८३ साली इस्रायलच्या केबारा गुहेत सुमारे साठ हजार वर्षांपूर्वीच्या निअँडरथलचं कंठास्थी सापडलं. जिभेखालचं हे छोटं हाड अगदी आपल्यासारखं निघालं. झालं, तो बोलत होता! इतकी घाई मात्र नको. कंठास्थी दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं, स्नायूंवर लोंबतं. स्नायू कुजले, की ते गळ्यात किती उंचीवर होतं हे कसं ठरवणार?

मग २००१ मध्ये लाल हरणांनी पंचाईत केली. नर डुरकताना स्वरयंत्र पार छातीच्या हाडाजवळ ओढतो, आपण मोठे आहोत असं भासवायला. म्हणजे स्वरयंत्र खाली असलं म्हणून बोलणं आलंच असं नाही. २०१६ मध्ये मकाक माकडांच्या घशाची क्ष-किरण चित्रफीत घेऊन संगणकावर प्रतिकृती केली, तेव्हा दिसलं, की त्या घशातूनही कळण्याजोगे स्वर निघू शकतील. अडचण होती ती घसा चालवणाऱ्या मेंदूची.

मेंदूचा बाहेरचा आकार कवटीच्या आत थोडाफार उमटतो, आतली जोडणी उमटत नाही. शिवाय बहिऱ्यांची खूणभाषा ही व्याकरणासकट पुरी भाषा आहे, घशाविना. सुरुवात हातांपासून झाली असेल, तर इतकी वर्षं आपण भलत्याच हाडाची तपासणी करत होतो.